तीन तारा, एक चक्र आणि एकची तीन घनमूळे

तीन जागा आहेत आणि प्रत्येक जागेवर एक संख्या लिहिली आहे: x, y आणि z. प्रत्येक संख्येने एक जागा डावीकडे सरकायचे आणि पहिल्या जागेवरच्या संख्येने वळसा घालून शेवटच्या जागेवर जायचे, असा नियम केला की (x, y, z) चे (y, z, x) होते. हीच क्रिया पुन्हा केली की (z, x, y) मिळते आणि तिसऱ्यांदा केली की सगळ्या संख्या आपापल्या मूळ जागी परततात. या क्रियेला चक्री फेरबदल म्हणतात. तिची मॅट्रिक्स लिहायला शून्य आणि एक एवढे दोनच आकडे पुरतात:

```
०  १  ०
०  ०  १
१  ०  ०
```

पहिल्या ओळीतला १ दुसऱ्या स्तंभात आहे, म्हणून पहिल्या जागेवर दुसरी संख्या येते. दुसऱ्या ओळीतला १ तिसऱ्या स्तंभात आहे, म्हणून दुसऱ्या जागेवर तिसरी संख्या येते. उरलेली ओळ पहिल्या संख्येला शेवटी नेऊन बसवते. या मॅट्रिक्सला P म्हटले, तर P तीनदा लावणे म्हणजे काहीच न करणे. चिन्हांत लिहायचे तर P³ = I. येथे I ही कशालाही न हलवणारी, कर्णावर तीन १ असलेली मॅट्रिक्स.

तीन संख्यांच्या अशा संचाला सदिश म्हणतात. मॅट्रिक्स सदिशावर चालवली की बहुधा त्याचे रूपच पालटते: (५, २, ८) चे (२, ८, ५) झाले, आणि या दोघांत सरळ गुणाकाराचे नाते नाही. काही मोजके सदिश मात्र असे असतात की मॅट्रिक्स चालवल्यावर त्यांच्या तिन्ही संख्यांना फक्त एका ठरावीक संख्येने गुणले जाते, बाकी काही होत नाही. त्या सदिशाला मॅट्रिक्सचा आयगेनसदिश आणि त्या गुणकाला आयगेनमूल्य म्हणतात. तिन्ही संख्या शून्य असलेला सदिश यात धरत नाहीत, कारण त्याला कोणताही गुणक चालतो आणि त्यातून काहीच कळत नाही.

P चा एक आयगेनसदिश डोळ्यांना लगेच दिसतो. तिन्ही जागी एकच संख्या असेल, उदाहरणार्थ (१, १, १), तर सरकवासरकवीने काहीच बदलत नाही. गुणक १, म्हणजे १ हे आयगेनमूल्य. प्रश्न बाकीच्यांचा आहे. तीन ओळी-तीन स्तंभांच्या मॅट्रिक्सला, पुनरावृत्ती धरून, तीन आयगेनमूल्ये असतात. उरलेली दोन कोणती?

शोध सोपा आहे. गुणक λ असेल, तर फेरबदलानंतरची पहिली संख्या y ही मूळ पहिल्या संख्येच्या λ पट हवी, म्हणजे y = λx. तसेच z = λy आणि x = λz. पहिली दोन समीकरणे तिसऱ्यात घातली की x = λ³x मिळते. x शून्य असेल तर y आणि z सुद्धा शून्य होतील, आणि तो सदिश आपण आधीच बाद केला आहे. म्हणून λ³ = १. उलट दिशेनेही तपासता येते. ज्या संख्येचा घन १ आहे अशी कोणतीही λ घ्या आणि (१, λ, λ²) हा सदिश लिहा. तो सरकवला की (λ, λ², १) होतो आणि १ म्हणजेच λ³ असल्यामुळे हा मूळ सदिशाच्या बरोबर λ पट आहे. तेव्हा एकच्या प्रत्येक घनमुळाला येथे जागा आहे.

ही उलट तपासणी अनेकदा गाळली जाते. P³ = I आहे म्हणून आयगेनमूल्ये म्हणजे एकची तीन घनमुळे, असे एका वाक्यात उरकले जाते. पण I चा घनही I च असतो आणि तिची तिन्ही आयगेनमूल्ये १ असतात. P³ = I एवढ्यावरून फक्त इतके सिद्ध होते की आयगेनमूल्ये एकच्या घनमुळांपैकीच असणार. तिन्ही खरोखर हजर आहेत, हे प्रत्येकाचा आयगेनसदिश दाखवूनच ठरते.

आता ही घनमुळे कोणती ते पाहू. λ³ − १ चे अवयव (λ − १)(λ² + λ + १) असे पडतात. पहिल्या कंसातून १ मिळतो. दुसऱ्या कंसातले वर्गसमीकरण सोडवताना वर्गमुळाखाली −३ येतो आणि साध्या संख्यांचा रस्ता तेथेच संपतो. संमिश्र संख्या मान्य केल्या की उत्तरे मिळतात: −½ + (√३/२)i आणि −½ − (√३/२)i. पहिलीला प्रथेप्रमाणे ω म्हणतात. दुसरी तिचाच वर्ग, ω². ω चा घन १ आणि १ + ω + ω² = ० ही दोन सूत्रे हाताशी असली की या विषयातले बहुतेक सगळे गणित करता येते; −½ आणि √३/२ पुन्हा पुन्हा लिहायची गरजच पडत नाही.

संमिश्र संख्यांच्या प्रतलावर या तिन्ही संख्या शून्याभोवतीच्या एक त्रिज्येच्या वर्तुळावर १२० अंशांच्या अंतराने बसतात आणि त्यांचा समभुज त्रिकोण होतो. एखाद्या संख्येला ω ने गुणणे म्हणजे तिला शून्याभोवती १२० अंशांतून घड्याळाच्या उलट दिशेने फिरवणे. ω² ने गुणणे म्हणजे २४० अंश, किंवा दुसऱ्या बाजूने पाहिले तर उलटे १२० अंश. पुढे विजेच्या तारांत हेच हवे आहे.

मॅट्रिक्समध्ये शून्य आणि एक यांखेरीज काही नसताना i मधेच कुठून टपकला, ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर भूमितीत आहे. (x, y, z) ला अवकाशातला बिंदू मानले, तर P हे एक परिभ्रमण ठरते. (१, १, १) मधून जाणारी रेषा जागची हलत नाही, तोच त्याचा आस. सरकवल्याने तीन संख्यांची बेरीज बदलत नाही, म्हणून बेरीज शून्य असलेल्या सगळ्या बिंदूंचे प्रतल, जे त्या आसाला लंब आहे, स्वतःतच फिरते. किती अंशांतून, ते एका उदाहरणाने मोजता येते. (१, −१, ०) सरकवला की (−१, ०, १) होतो, आणखी एकदा सरकवला की (०, १, −१). तिघांची लांबी √२, तिघांची बेरीज शून्य. पहिल्या दोघांचा अदिश गुणाकार −१ येतो. त्याला दोन लांबींच्या गुणाकाराने, म्हणजे २ ने भागले की −½. ज्याची कोज्या −½ आहे असा कोन १२० अंशांचा. १२० अंशांतून फिरणाऱ्या प्रतलात कोणतीही रेषा स्वतःवर पडत नाही, म्हणून साध्या संख्यांचा दुसरा आयगेनसदिश मिळूच शकत नाही. ω आणि ω² ही त्या फिरण्याचीच नोंद आहे.

पडताळ्याचे दोन झटपट मार्ग आहेत. मॅट्रिक्सच्या कर्णावरच्या संख्यांची बेरीज आयगेनमूल्यांच्या बेरजेइतकी असते. येथे कर्णावर तिन्ही शून्ये आहेत आणि १ + ω + ω² सुद्धा शून्य. निश्चयकाची किंमत आयगेनमूल्यांच्या गुणाकाराइतकी असते; येथे ती १ आहे आणि १ × ω × ω² = ω³ = १. चुकून तीनऐवजी दोनच वस्तूंची अदलाबदल झाली असेल आणि तिसरी जागच्या जागी राहिली असेल, तर हे पडताळे लगेच बिनसतात. त्या मॅट्रिक्सची आयगेनमूल्ये १, १ आणि −१ येतात, बेरीज १ होते आणि निश्चयक −१. दोन वस्तूंची अदलाबदल आणि तिघांचे चक्र यांतला हा फरक प्रत्यक्ष व्यवहारात किती मोठा ठरतो, ते पुढे येईलच.

वस्तू तीनऐवजी n असतील, तर युक्तिवाद शब्दशः तोच राहतो आणि आयगेनमूल्ये एकची n वी मुळे येतात. चार वस्तूंना १, i, −१, −i. सहा वस्तूंना वर्तुळावर साठ-साठ अंशांवरचे सहा बिंदू. फेरबदलात अनेक स्वतंत्र चक्रे असतील, तर प्रत्येक चक्राची मुळे वेगवेगळी लिहून एकत्र करायची. १ हे मूल्य जितक्या वेळा येईल तितकी चक्रे.

P ची खरी उपयुक्तता तिच्यापासून बनणाऱ्या मॅट्रिक्समध्ये आहे. a, b, c या कोणत्याही तीन संख्या घेऊन aI + bP + cP² अशी बेरीज केली की पुढची मॅट्रिक्स मिळते. तिची प्रत्येक ओळ वरच्या ओळीला एक घर उजवीकडे सरकवून बनलेली असते:

```
a  b  c
c  a  b
b  c  a
```

P चा आयगेनसदिश P² चाही असतो आणि I चा तर असतोच. म्हणून या नव्या मॅट्रिक्सचे आयगेनसदिश शोधायला काही कष्ट पडत नाहीत: तेच तीन, (१, १, १), (१, ω, ω²) आणि (१, ω², ω). आयगेनमूल्ये अनुक्रमे a + b + c, a + bω + cω² आणि a + bω² + cω. a, b, c काहीही असोत, सदिश बदलत नाहीत. बदलतात फक्त गुणक. तिन्ही वस्तूंना एकसारखे वागवणारी, म्हणजे चक्र फिरवल्याने न बदलणारी प्रत्येक व्यवस्था याच साच्याची असते.

या मॅट्रिक्सचा निश्चयक उलगडला की a³ + b³ + c³ − ३abc मिळतो. शाळेत पाठ केलेले हे पद. त्याचे अवयव (a + b + c)(a² + b² + c² − ab − bc − ca) असे पडतात, हे सूत्र बहुतेकांनी घोकलेले असते, पण ते आले कुठून हे क्वचितच सांगितले जाते. निश्चयक म्हणजे तीन आयगेनमूल्यांचा गुणाकार. पहिले आयगेनमूल्य हाच पहिला कंस, आणि ω व ω² असलेली उरलेली दोन एकमेकांना गुणली की दुसरा कंस. आकड्यांनी तपासायचे तर a = ५, b = २, c = २ घ्यावे. १२५ + ८ + ८ − ६० = ८१. आयगेनमूल्ये: ५ + २ + २ = ९, आणि ५ + २ω + २ω² = ५ − २ = ३, तेही दोनदा. ९ × ३ × ३ = ८१.

हे सारे गणित रोज वापरात असलेले ठिकाण म्हणजे तीन फेजची वीज. R, Y आणि B या तीन तारांत एकसारख्या तीन लहरी वाहतात, फक्त एकापाठोपाठ. भारतात विजेची वारंवारता ५० हर्ट्झ, म्हणजे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे. R चा शिखरबिंदू आला की सुमारे ६.६७ मिलिसेकंदांनी Y चा येतो आणि तेवढ्याच वेळाने B चा. अशा लहरी संमिश्र संख्यांनी दाखवण्याची रीत आहे: संख्येची लांबी म्हणजे लहरीची उंची आणि तिचा कोन म्हणजे लहर किती पुढे वा मागे आहे ते. या रीतीत एक तृतीयांश आवर्तन मागे असणे म्हणजे ω² ने गुणलेले असणे. तेव्हा समतोल तीन फेज म्हणजे (१, ω², ω). हा P चा आयगेनसदिशच आहे.

अमेरिकेतील वेस्टिंगहाऊस कंपनीत काम करणारे अभियंते चार्ल्स फोर्टेस्क्यू यांनी १९१८ मध्ये या निरीक्षणातून एक पद्धत उभी केली. तीन तारांतले प्रवाह कितीही वेडेवाकडे, असमान असले, तरी त्यांना तीन आयगेनसदिशांच्या बेरजेत मांडता येते. (१, ω², ω) च्या प्रमाणातला भाग R-Y-B या योग्य क्रमाने जातो. त्याला धन क्रम म्हणू. (१, ω, ω²) च्या प्रमाणातला भाग R-B-Y अशा उलट क्रमाने जातो. तो ऋण क्रम. आणि (१, १, १) च्या प्रमाणातला भाग तिन्ही तारांत एकाच वेळी चढतो-उतरतो. तो शून्य क्रम. R, Y, B मधले प्रवाह p, q, r असतील, तर शून्य क्रमाचा वाटा (p + q + r)/३, धन क्रमाचा (p + ωq + ω²r)/३ आणि ऋण क्रमाचा (p + ω²q + ωr)/३. अभियंते ω ला a लिहितात, एवढाच फरक.

प्रवाहांची अशी तीन भागांत फोड करण्यामागे सोयीपलीकडचे कारण आहे. तीन तारांच्या वाहिनीत प्रत्येक तारेतला प्रवाह आपल्या तारेवर दाब उतरवतोच, शिवाय चुंबकीय क्षेत्रामुळे शेजारच्या तारांवरही परिणाम करतो. स्वतःचा गुणक s आणि परस्परांचा m असेल, तर a = s, b = c = m असलेली वरची मॅट्रिक्स तयार होते. तिची आयगेनमूल्ये s + २m, s − m आणि s − m. समतोल प्रवाहाला वाहिनी जणू s − m एवढ्याच अडथळ्याची भासते, तीन तारांचा गुंता दिसतच नाही. कारण Y आणि B मधल्या प्रवाहांची बेरीज R मधल्या प्रवाहाच्या बरोबर उलट असते. तिन्ही तारांत एकाच तालात वाहणाऱ्या प्रवाहाला मात्र s + २m एवढा अडथळा सोसावा लागतो. तीन गुंतलेल्या समीकरणांच्या जागी तीन सुटी समीकरणे आली की हिशेब एकेका फेजसारखा करता येतो.

पण यासाठी तिन्ही जोड्यांमधला m समान हवा. टॉवरवर तीन तारा एका आडव्या रांगेत असतील, तर दोन टोकांच्या तारा एकमेकींपासून दुप्पट अंतरावर असतात आणि त्यांच्यातला m कमी पडतो. मॅट्रिक्सचा चक्री साचा मोडतो, (१, ω², ω) हा तिचा आयगेनसदिश राहत नाही आणि समतोल प्रवाहातूनही असमतोल दाब तयार होतो. लांब उच्चदाब वाहिन्यांवर यावर केला जाणारा उपाय म्हणजे P ची मॅट्रिक्स लोखंडी टॉवरवर उभी करणे. वाहिनीची लांबी तीन भागांत विभागून दर भागाच्या शेवटी तारांच्या जागा चक्राकार बदलतात, जेणेकरून प्रत्येक तार एक तृतीयांश अंतर प्रत्येक जागेवर काढते. सबंध लांबीची सरासरी घेतली की मॅट्रिक्स पुन्हा चक्री साच्यात येते. वाहिनी आखूड असेल तर हा खटाटोप बहुधा केला जात नाही आणि थोडा असमतोल चालवून घेतला जातो.

मोटारीत गणित आणखी ठळक दिसते. तीन फेजच्या मोटारीत धन क्रमाचा प्रवाह एका दिशेने फिरणारे चुंबकीय क्षेत्र तयार करतो आणि ऋण क्रमाचा प्रवाह विरुद्ध दिशेने फिरणारे. मोटारीच्या तीन टोकांना तीन तारा जोडण्याच्या सहा रीती आहेत. R, Y, B ऐवजी Y, B, R किंवा B, R, Y अशा जोडल्या तर मोटार त्याच दिशेने फिरते, कारण चक्राने (१, ω², ω) चा फक्त ω² किंवा ω पट होतो. म्हणजे लहर थोडी आधी वा नंतर सुरू होते, क्रम तोच राहतो. दोनच तारांची अदलाबदल केली तर मात्र (१, ω², ω) चा (१, ω, ω²) होतो आणि मोटार उलटी फिरते. पंप उलटा फिरून पाणी नीट येईना, तर वायरमन कोणत्याही दोन तारा बदलतो तो याच कारणाने. तिन्ही तारा एकेक घर सरकवल्या तर काहीच फरक पडत नाही, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते.

आता बिघाडाचे उदाहरण पूर्ण सोडवू. डीपीवरचा एक फ्यूज उडाला आणि विहिरीवरच्या मोटारीला B फेज मिळेनासा झाला. R मधून जो प्रवाह आत जातो तोच Y मधून परत येतो, तिसरी वाट नाही. R मध्ये १० अँपिअर असतील, तर तीन तारांचे प्रवाह (१०, −१०, ०). भूमितीत आलेल्या (१, −१, ०) चीच ही दहापट. शून्य क्रमाचा वाटा (१० − १० + ०)/३, म्हणजे शून्य. धन क्रमाचा वाटा १०(१ − ω)/३ आणि ऋण क्रमाचा १०(१ − ω²)/३. १ − ω = ३/२ − (√३/२)i, त्याची लांबी √(९/४ + ३/४) = √३. १ − ω² ची लांबीही तेवढीच. म्हणजे दोन्ही वाटे १०√३/३, सुमारे ५.७७ अँपिअरचे.

दोन्ही समान येणे हा योगायोग नव्हे. येथे तिन्ही प्रवाह साध्या, धन वा ऋण संख्यांनी लिहिता येतात, त्यात i नाही. अशा कोणत्याही सदिशात ω चा आणि ω² चा वाटा एकमेकांचे आरशातले प्रतिबिंब असतात, म्हणून लांबीने समान. एक फेज गेला की पुढे ढकलणारा आणि मागे ढकलणारा प्रवाह सारख्याच मापाचा होणार, मोटार कोणत्याही बनावटीची असो.

थांबलेल्या मोटारीला दोन्ही दिशा सारख्याच असल्यामुळे दोन्ही जोर एकमेकांना मारतात. मोटार घुं घुं आवाज करते, फिरत नाही आणि त्या अवस्थेत मोठा प्रवाह ओढत राहते. मोटार आधीच चालू असताना फेज गेला तर चित्र वेगळे असते. फिरत्या रोटरवर पुढच्या क्षेत्राचा जोर मागच्यापेक्षा जास्त पडतो, त्यामुळे भार फार नसेल तर मोटार फिरत राहते आणि बिघाड लक्षात येत नाही. धोका खरा याच वेळी. तीन तारांचे काम दोन तारांवर पडल्याने तेवढ्याच कामासाठी प्रवाह सुमारे √३ पट, म्हणजे पावणेदोनपटीच्या आसपास जातो. शिवाय उलट फिरणाऱ्या क्षेत्राच्या दृष्टीने रोटर जवळजवळ दुप्पट वेगाने विरुद्ध पळत असतो. त्यामुळे रोटरमध्ये सुमारे १०० हर्ट्झचे प्रवाह निर्माण होतात. ते कामाला हातभार लावत नाहीत, फक्त तापवतात. कॉइलचे वेष्टण जळते आणि मोटार रिवायंडिंगला जाते.

फेज पूर्ण न जाता दाब थोडाच कमी-जास्त झाला तरी त्रास होतो, आणि वाटतो त्यापेक्षा बराच जास्त. ऋण क्रमाच्या दाबाला चालती मोटार थांबलेल्या मोटारीसारखी भासते, म्हणजे अडथळा फार कमी. चालू होतानाचा प्रवाह नेहमीच्या प्रवाहाच्या सहा-सात पट असतो, त्याच हिशेबाने दाबातला एक टक्का ऋण क्रम प्रवाहात सहा-सात टक्के होऊन बसतो. म्हणून नुसता व्होल्टमीटर पाहून मोटार सुरक्षित आहे असे म्हणता येत नाही. तिन्ही तारांचे प्रवाह मोजावे लागतात. त्यातही नुसते आकडे पुरत नाहीत, कारण ऋण क्रमाचा वाटा काढायला लहरींचा पुढे-मागेपणाही लागतो. तिन्ही तारांत दहा-दहा अँपिअर दिसत असूनही क्रम उलटा असू शकतो.

मोटारीच्या पेटीत बसवले जाणारे सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर अनेकदा हाच हिशेब करतात. प्रवाहावर चालणाऱ्या प्रकारात तीन तारांतल्या प्रवाहांचे नमुने घेऊन विद्युत मंडलातच एकाला १२० अंशांनी पुढे, दुसऱ्याला मागे सरकवून त्यांची बेरीज केली जाते, म्हणजे (p + ω²q + ωr)/३ हे सूत्र तारांनी सोडवले जाते. समतोल प्रवाहाला उत्तर शून्य येते आणि उपकरण गप्प बसते. ठरवलेल्या मर्यादेपलीकडे उत्तर गेले की ते स्टार्टर पाडते. फक्त दाब पाहणारे स्वस्त प्रकार येथे फसू शकतात, कारण एक फेज गेल्यावरही चालती मोटार त्या तुटक्या टोकावर स्वतःच दाब तयार करते आणि तिन्ही तारा जिवंत असल्याचा भास होतो. विहिरीवरच्या मोटारीसाठी उपकरण घेताना ते प्रवाहावर चालणारे आहे की दाबावर, एवढे विचारून घ्यावे.